उतारावरचा ठोकळा, टांगलेला ठोकळा: फ्री बॉडी डायग्राम आणि त्वरण कसं तपासायचं

एक गणित समोर ठेवू आणि सगळा लेख त्याच्याभोवतीच फिरवू. ३० अंशांत कललेली फळी, तिच्यावर ५ किलोचा ठोकळा. त्याला बांधलेली दोरी फळीच्या वरच्या टोकाला बसवलेल्या कप्पीवरून जाते आणि पलीकडे ४ किलोचा ठोकळा हवेत लोंबतो. फळी आणि ठोकळा यांच्यातला स्थैतिक घर्षण गुणांक ०.२, गतिक घर्षण गुणांक ०.१५. दोरी आणि कप्पी हलकी, कप्पी न अडखळता फिरणारी, दोरी न ताणणारी. g हा ९.८ मी/से². सुरुवातीला सगळं हाताने धरलेलं होतं, मग सोडलं. त्वरण किती?

उत्तर ०.९३ मी/से² येतं. पण इथे प्रश्न उत्तर काढण्याचा नाही. पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेलं नसेल, तर आपण काढलेला आकडा बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं, ते पाहायचं आहे. तीच पायरी पुन्हा तशीच करून बघणं ही तपासणी नव्हे, कारण पहिल्यांदा झालेली चूक दुसऱ्यांदाही तशीच होते.

आधी बाण मोजा

फ्री बॉडी डायग्राम तपासायला समीकरण लागत नाही. बोट ठेवून मोजायचं असतं. ५ किलोच्या ठोकळ्याला कोण कोण टेकलं आहे? फळी आणि दोरी. दोनच. फळी दोन प्रकारे बल लावते: फळीला काटकोनात ढकलते आणि फळीच्या रेषेत घासते. दोरी एकच बल लावते, ओढण्याचं. न टेकता बल लावणारी फक्त पृथ्वी. म्हणून या ठोकळ्यावर चार बाण हवेत, ना कमी ना जास्त. ४ किलोच्या ठोकळ्याला फक्त दोरी टेकलेली आहे, त्यामुळे दोन बाण: दोरीचा वर आणि पृथ्वीचा खाली.

प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारायचा: हे बल कोण लावतंय? नाव सांगता आलं नाही तर बाण खोडायचा. या प्रश्नापुढे दोन बाण हमखास पडतात. पहिला म्हणजे ma लिहून काढलेला बाण. ma हे कुणी लावलेलं बल नाही. खऱ्या बलांची बेरीज जितकी येते, ते ma. त्याची जागा समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला आहे, आकृतीत नाही. दुसरा म्हणजे ५ किलोच्या ठोकळ्यावर फळीच्या वरच्या दिशेने काढलेला m2 g, म्हणजे ४ किलोच्या ठोकळ्याचं वजन. पृथ्वी ४ किलोच्या ठोकळ्याला ओढते. ५ किलोच्या ठोकळ्याला त्याची खबर फक्त दोरीच्या ताणातून लागते, आणि तो ताण m2 g एवढा नसतो. नेमका किती असतो, ते पुढे येईलच.

वजनाचे दोन घटक पाडले असतील तर आणखी एक गोष्ट बघा. m1 g चा सरळ खाली जाणारा बाण आणि त्याचे sin, cos वाले दोन घटक एकाच ठळक रेषेने काढले की बाण सहा दिसतात आणि वजन दोनदा धरलं जातं. घटक तुटक रेषेने काढा आणि मूळ बाणावर एक बारीक काट मारा.

"नॉर्मल" या शब्दापाशी थांबा

मुंबईत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला विज्ञान शाखेत गेलं की घर्षणाचं फ्रिक्शन होतं, ताणाचं टेन्शन होतं, अभिलंब बलाचं नॉर्मल होतं. पहिल्या दोन शब्दांनी फारसं बिघडत नाही. तिसरा मात्र फसवतो, कारण बोलण्यात नॉर्मल म्हणजे नेहमीचं, साधं. मग "नॉर्मल बल म्हणजे नेहमीचं mg" असं डोक्यात बसतं. इथे नॉर्मल म्हणजे काटकोनात. अभिलंब हा मराठी शब्द तेच थेट सांगतो, म्हणून शंका आली की मनात तोच म्हणावा.

आपल्या ठोकळ्यावरचं अभिलंब बल N हे mg cos 30° आहे, म्हणजे ५ × ९.८ × ०.८६६ = ४२.४ न्यूटन. ठोकळ्याचं पूर्ण वजन ४९ न्यूटन. फळीच्या काटकोनात ठोकळा हलत नाही, म्हणून त्या दिशेने येणारी बलं एकमेकांना बरोबर खोडतात आणि N तिथूनच मिळतो. दोरी फळीला समांतर नसेल तर हा आकडाही बदलतो. कप्पी उंच बसवली आणि दोरी ठोकळ्यापासून तिरकी वर गेली, तर ताणाचा काही भाग ठोकळ्याला फळीवरून उचलू पाहतो आणि N त्याहून कमी होतो. त्यामुळे आकृतीत दोरी फळीला खरंच समांतर आहे का, हे N काढण्याआधी पाहून घ्यावं.

sin की cos, हा गोंधळ पाठांतराने सुटत नाही. फळी आडवी झाली असं समजा, म्हणजे कोन शून्य. तेव्हा ठोकळ्याला खाली घसरवणारं काहीच उरायला नको आणि फळीने पूर्ण वजन पेलायला हवं. sin 0 शून्य, cos 0 एक. म्हणजे उताराच्या बाजूने sin आणि फळीच्या काटकोनात cos.

हलतो की नाही, हे त्वरणाआधी

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच होते. म्हणून इथे जरा रेंगाळू.

घर्षण क्षणभर बाजूला ठेवा. टांगलेला ठोकळा ३९.२ न्यूटनने ओढतो. उतारावरचा ठोकळा खाली घसरण्यासाठी ५ × ९.८ × ०.५ = २४.५ न्यूटन लावतो. फरक १४.७ न्यूटन, टांगलेल्या बाजूने. म्हणजे उतारावरचा ठोकळा वर जाऊ पाहतोय, आणि म्हणून घर्षण उताराच्या खालच्या दिशेने. घर्षणाची दिशा सवयीने काढायची नसते. "उतारावर घर्षण वरच्या दिशेने असतं" हे वाक्य आपोआप घसरणाऱ्या ठोकळ्यासाठी खरं आहे. इथे ठोकळा ओढला जातोय.

आता स्थैतिक घर्षण जास्तीत जास्त किती अडवू शकतं? ०.२ × ४२.४ = ८.५ न्यूटन. १४.७ त्यापेक्षा मोठं आहे, म्हणजे ठोकळा हलणार. मग गतिक घर्षण धरायचं: ०.१५ × ४२.४ = ६.३७ न्यूटन.

हाच प्रश्न टांगलेला ठोकळा ३ किलोचा घेऊन बघा. ओढ २९.४ न्यूटन, समोर २४.५. फरक फक्त ४.९ न्यूटन. थेट सूत्रात घातलं तर

```
a = (29.4 - 24.5 - 6.37) / 8 = -0.18
```

उणे आलं. इथे बरेच जण लिहितात की ठोकळा उलट दिशेने, म्हणजे उतारावरून खाली, ०.१८ च्या त्वरणाने जातो. ते अशक्य आहे. खाली जायचं तर २४.५ ला २९.४ आणि वर घर्षण, दोघांनाही हरवावं लागेल. खरं उत्तर असं की ठोकळा हलतच नाही. अडवायला फक्त ४.९ न्यूटन लागतात आणि घर्षण ८.५ पर्यंत देऊ शकतं, म्हणून ते ४.९ एवढंच देतं. त्वरण शून्य. दोरीतला ताण २९.४ न्यूटन, कारण टांगलेला ठोकळाही थांबलेला आहे.

घर्षण नसलेल्या गणितात उणे उत्तराचा अर्थ "आपण धरलेली दिशा उलटी होती" एवढाच असतो. घर्षण असलेल्या गणितात तसं नाही, कारण दिशा उलटली की घर्षणाचा बाणही उलटतो आणि समीकरणच वेगळं होतं. उणे चिन्ह दिसलं की चिन्ह बदलून पुढे जाऊ नका. मागे येऊन "हलतो का?" हे विचारा.

याच फळीसाठी हलणं आणि न हलणं यांची सीमाही काढता येते. टांगलेलं वस्तुमान साधारण १.६३ ते ३.३७ किलोच्या मध्ये असेल तोवर सगळं जागेवर राहतं. त्यापेक्षा जास्त झालं की उतारावरचा ठोकळा वर जातो, कमी झालं की खाली. आपले ४ किलो सीमेच्या वरच्या बाजूला आहेत, म्हणून आता त्वरण काढायला हरकत नाही.

आकडा आणि त्याची पहिली परीक्षा

वर आणि खाली या शब्दांऐवजी दोरी सरकते ती दिशा धन धरा: ५ किलोसाठी उताराच्या वर, ४ किलोसाठी सरळ खाली. दोन ठोकळ्यांना दोन वेगळे धन अक्ष मिळाले तरी चालतं, कारण दोरी ताणत नाही आणि दोघांचं त्वरण एकाच मापाचं आहे. एकाच आकृतीत दोघांना "वर म्हणजे धन" लावलं तर एकाचं त्वरण a आणि दुसऱ्याचं वेगळ्या चिन्हाचं लिहावं लागतं, आणि तिथेच चिन्हं घसरतात.

```
5 किलो:  T - 24.5 - 6.37 = 5a
4 किलो:  39.2 - T = 4a
बेरीज:   8.33 = 9a,  a = 0.926
```

T काढताना ४ किलोचं समीकरण वापरा: T = ३९.२ − ३.७ = ३५.५ न्यूटन. मग तो T पहिल्या समीकरणात टाकून बघा: ३५.५ − २४.५ − ६.३७ = ४.६३, आणि ५ × ०.९२६ सुद्धा ४.६३. जुळलं. ज्या समीकरणातून T काढला त्यातच परत घातला तर ते नेहमीच जुळतं, म्हणून दुसऱ्यात घालणं महत्त्वाचं.

ताणाला दोन कुंपणं आहेत. टांगलेला ठोकळा वेग घेत खाली जातोय, म्हणून वरचा बाण खालच्यापेक्षा लहान हवा: T ३९.२ पेक्षा कमी. उतारावरचा ठोकळा वेग घेत वर जातोय, म्हणून T हा २४.५ + ६.३७ = ३०.९ पेक्षा जास्त. ३५.५ दोन्हींच्या मध्ये बसतो. ताण या कुंपणांबाहेर गेला तर पुढचं काही तपासायची गरज नाही, चूक आधीच झालेली आहे.

दुसऱ्या वाटेने तेच उत्तर

इथवर सगळी तपासणी त्याच समीकरणांवर उभी होती. आकृतीच चुकली असेल तर ती चूक दोन्हीकडे लपू शकते. म्हणून बाण न वापरता, ऊर्जेच्या हिशेबाने एकदा बघा.

टांगलेला ठोकळा १ मीटर खाली आला असं धरा. त्याची स्थितिज ऊर्जा ३९.२ ज्यूलने कमी झाली. उतारावरचा ठोकळा फळीवरून १ मीटर वर सरकला, पण उंचीने फक्त अर्धा मीटर चढला, म्हणून त्याने २४.५ ज्यूल घेतले. घर्षणाने ६.३७ ज्यूल उष्णतेत घालवले. उरले ८.३३ ज्यूल, आणि ते दोन्ही ठोकळ्यांच्या गतीत गेले: ½ × ९ × v². म्हणजे v² = १.८५. विरामापासून १ मीटर कापताना v² = 2a × 1, म्हणून a = ०.९२६.

या हिशेबात ताण कुठेच आला नाही. दोरी एका ठोकळ्याला जितकं कार्य देते तितकंच दुसऱ्याकडून घेते. म्हणूनच ही वाट उपयोगी पडते: ताणात चूक झाली असेल तर दोन उत्तरं वेगळी येतात. घर्षण बल मात्र दोन्हीकडे तेच वापरलं आहे, त्यामुळे N चुकला असेल तर ही तपासणी ती चूक पकडणार नाही. त्यासाठी वरची अभिलंबाची खात्रीच करावी लागते.

चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखणं

आकडा ०.९३ ऐवजी वेगळा आला तर तोच आकडा बहुतेक वेळा कुठे घसरलात ते सांगतो. १.६३ आलं असेल तर घर्षण धरायचंच राहिलं. २.३४ आलं असेल तर घर्षण उलट्या दिशेने काढलं आणि ते मदतीला धावलं. ०.८२ म्हणजे N साठी पूर्ण mg घेतलं. ०.६९ म्हणजे हलत्या ठोकळ्याला स्थैतिक गुणांक लावला.

१.६७ हे सर्वात जास्त वेळा दिसणारं. तिथे ताण ३९.२ धरलेला असतो, म्हणजे m2 g थेट ५ किलोवर लावून ५ ने भागलेलं. टांगलेला ठोकळा थांबलेला असेल तरच ताण त्याच्या वजनाइतका असतो. तो वेग घेत खाली जात असताना दोरी त्याला पूर्ण पेलत नाही, आणि नेमकं तेवढ्यामुळेच तो खाली जातो.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ९.६ च्या आसपास आलं तर कोन रेडियनमध्ये मोजला जातोय. ३० रेडियनचा sin उणे येतो आणि उतार जणू उलटा होतो. उत्तर g च्या इतक्या जवळ दिसलं की थांबावंच: दोरीला बांधलेल्या ठोकळ्याला मोकळ्या पतनाइतकं त्वरण तेव्हाच मिळेल, जेव्हा दुसऱ्या टोकाला अडवणारं जवळपास काही नसेल.

आणि ०.९४५ आलं तर चूक नाही. तिथे g १० घेतला आहे. या गणितात घर्षणासकट प्रत्येक बल g च्या पटीत आहे, म्हणून त्वरण म्हणजे g गुणिले एक ठरावीक संख्या, इथे ०.०९४५. पर्यायांतल्या उत्तराशी आपलं उत्तर दोन टक्क्यांनी चुकत असेल तर आधी g बघा. मुंबईच्या अक्षांशावर g ९.७९ च्या जवळपास आहे, त्यामुळे ९.८ घेतल्याने काही बिघडत नाही.

घरी मोजून बघायचं असेल तर

त्वरण वस्तुमानांच्या गुणोत्तरावर ठरतं, ती किती मोठी आहेत यावर नाही. ५ आणि ४ किलोऐवजी ५०० आणि ४०० ग्रॅम घेतले तरी a तोच राहतो, ताण मात्र दहापट कमी होतो. टांगायला प्लास्टिकची बाटली घ्या, रिकामी तोलून मग पाणी भरत ४०० ग्रॅम करा. १ मीटरची फळी, वरचं टोक ५० सेंटिमीटर उंच केलं की ३० अंश होतात.

आधी गुणांक मोजा. दोरी न बांधता ठोकळा फळीवर ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. ठोकळा ज्या कोनाला सुटतो त्याचा tan म्हणजे स्थैतिक गुणांक. ०.२ असेल तर टोक सुमारे १९.६ सेंटिमीटर उचलल्यावर सुटतो. साध्या लाकडावर लाकूड ठेवलं तर तो बराच जास्त उंचीवर सुटेल. गुणांक ०.४ निघाला तर ४०० ग्रॅमने ठोकळा हलणारही नाही, किमान ४२५ ग्रॅम लागतील. मोजलेल्या गुणांकाने गणित पुन्हा मांडा, वरचे आकडे तसेच वापरू नका. पावसाळ्यात फळी दमट झाली की गुणांक बदलतो, म्हणून तो त्याच दिवशी मोजावा.

मुंबईच्या घरांत कपडे वाळत घालायची दांडी वर-खाली करायला छताला कप्प्या असतात. हाताशी असल्या तरी त्या या कामाला चांगल्या नाहीत, कारण त्यांची चकती बहुधा साध्या पिनेवर घासत फिरते. बॉल बेअरिंगवर फिरणारी कप्पी घ्या. तिची परीक्षा सोपी आहे: दोन्ही बाजूंना ४०० ग्रॅम टांगा आणि एका बाजूला थोडं थोडं वजन वाढवत जा. हलायला १५ ग्रॅम लागले तर कप्पीच साधारण ०.१५ न्यूटन खाते. आपल्या छोट्या मांडणीत दोन्ही ठोकळ्यांना पुढे नेणारं निव्वळ बल फक्त ०.८३ न्यूटन आहे, म्हणजे त्वरण ०.९३ वरून ०.७६ च्या आसपास उतरेल. प्रयोगातला आकडा नेहमी कमीच येत असेल तर पहिला संशय कप्पीवर घ्यावा.

वजनदार कप्पीची गोष्ट वेगळी. ती सहज फिरत असली तरी तिला फिरवायला बल लागतं, म्हणून तिच्या दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही. भरीव चकतीसाठी छेदात वस्तुमानांच्या बेरजेत चकतीचं अर्धं वस्तुमान मिळवायचं. मूळ गणितात १ किलोची चकती धरली तर a = ८.३३ / ९.५ = ०.८८, आणि टांगलेल्या बाजूचा ताण उताराच्या बाजूपेक्षा ०.४४ न्यूटनने जास्त. अशा गणितात दोन्ही फ्री बॉडी डायग्रामवर एकच T लिहिलेला दिसला तर तिथेच लाल खूण करा.

वेळ मोजायला मोबाइलचा व्हिडिओ वापरा, स्टॉपवॉच नको. ०.९३ च्या त्वरणाने ५० सेंटिमीटर कापायला १.०४ सेकंद लागतात. बोट दाबण्यात ०.१ सेकंद चुकला तरी त्वरणात सुमारे २० टक्के फरक पडतो, कारण वेळेचा वर्ग येतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत हेच अंतर ३१ फ्रेममध्ये जातं. एका फ्रेमची चूक त्वरणात ६ ते ७ टक्के होते. ठोकळा हाताने न सोडता दोऱ्याने मागे बांधून ठेवा आणि दोरा कात्रीने कापा. सोडताना हाताने दिलेला किंचितसा धक्का सुरुवातीचा वेग देतो, आणि मग s = ½at² हे सूत्रच लागू होत नाही.